अडकलेली कामं आधी

(हमरापूर इथे शिष्यवृत्ती मदत केंद्राची जबाबदारी नव्या समन्वयकाकडे सोपवताना कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज रविवार असूनही तुम्ही आलात. पनवेलकडून येणारे रोह्याची गाडी पकडून हमरापूर स्टेशनवर उतरले, पेणहून येणारे गाड्यांवर आले. काही जण थेट कारखान्यातून आलेत, हाताचा रंगही अजून निघालेला नाही. सगळ्यांचे आभार.

निरोपाचं भाषण करायला मी उभा नाही. सहा वर्षं मी हे केंद्र पाहिलं आणि आता नोकरीमुळे पुण्याला चाललो आहे. माझ्या जागी जी येते आहे ती तुमच्या समोरच बसली आहे. दोन वर्षांपूर्वी ती स्वतःचा अर्ज भरायला आली होती आणि नंतर दुसऱ्यांचे अर्ज भरायला थांबली. तिच्यासाठी मी एक टिपण लिहिलं आहे. त्यात काय आहे आणि का आहे, ते सगळ्यांसमोर सांगावं असं वाटलं. कारण हे टिपण एकटीच्या हातात राहिलं तर उद्या ती गेल्यावर पुन्हा हाच प्रश्न येईल.

पहिला खर्डा मी काही काळापूर्वी तिला दिला होता. अकरा पानं झाली होती. केंद्र कसं सुरू झालं, कोणत्या वर्षी किती अर्ज भरले, कोणाकोणाचं सहकार्य लाभलं, असं सगळं त्यात होतं. तिने दोन दिवसांनी तो परत आणून दिला आणि विचारलं, "भाई, हे छान आहे. पण सोमवारी सकाळी मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या अकरा पानांत सोमवार कुठेच नव्हता. आपण सोपवताना झालेलं काम सोपवतो, कारण त्याचा अभिमान असतो. पण झालेलं काम कोणालाच सोपवावं लागत नाही, ते होऊन गेलेलं असतं. सोपवायचं असतं ते अडकलेलं काम. आणि अडकलेलं काम बहुतेक वेळा कागदावर नसतं. ते जाणाऱ्याच्या डोक्यात आणि त्याच्या फोनमध्ये असतं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. ती माझी चूक आहे आणि टिपणाच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे.

आपल्याकडे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा होता. वडील गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचं काम करत. पहिल्या वर्षीचा अर्ज मंजूर झाला होता, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं होतं. घरात एकच फोन आणि त्यातलं सिम दर काही महिन्यांनी बदलायचं. म्हणून महाडीबीटीवर त्याचं खातं उघडताना मी माझा नंबर टाकला. सोयीसाठी. ओटीपी माझ्याकडे येणार आणि मी लगेच भरणार. त्या हंगामात मी हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत केलं.

नूतनीकरणाचा अर्ज आम्ही वेळेत भरला. महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी कॉलेजकडे तपासणीला जातो. तिथून पुढे गेला की संबंधित विभागाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली तर तो दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात परत येतो. त्याचा अर्ज कॉलेजने परत पाठवला, कारण उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो अस्पष्ट होता आणि वर्ष वाचता येत नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. दाखला पुन्हा स्कॅन करून चढवायचा, एवढंच.

त्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसमध्ये एक मोठं काम सुरू होतं आणि रोज शंभर मेसेज येत होते. त्यातला हा एक. मुलाला काहीच कळलं नाही, कारण त्याच्या फोनवर काहीच आलं नव्हतं. तो निश्चिंत होता, भाईंनी अर्ज भरला आहे म्हणून. मुदत संपली. एकदा मुदतवाढ मिळाली, तीही संपली. मग कॉलेजने फीबद्दल विचारलं तेव्हा तो माझ्याकडे आला आणि मी खातं उघडून पाहिलं.

त्या वर्षीची फी त्याच्या वडिलांनी हप्त्यांत भरली. थोडी मदत आपण वर्गणीतून केली, पण बहुतेक भार त्यांनीच उचलला. गणपतीआधीचे दोन महिने ते रात्रपाळीलाही जात होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाले, "तुम्ही तरी किती ठिकाणी बघणार?" हे ऐकणं जास्त जड गेलं.

आता यात नेमकं काय चुकलं? मी कामात होतो, ही चूक नव्हे. माणूस कामात असणारच. चूक ही की अर्ज त्या मुलाचा होता आणि त्याची खबर मात्र माझ्याकडे येत होती. मी मध्ये उभा राहिलो होतो. तेव्हा मला ती मदत वाटत होती. खरं तर त्या मुलाचा अर्ज मी माझ्यावर अवलंबून करून ठेवला होता. मी आजारी पडलो असतो, फोन हरवला असता, नोकरी बदलली असती, तरी तेच झालं असतं. आज मी पुण्याला चाललो आहे. माझ्या नंबरवर तेव्हाचे सगळे अर्ज तसेच राहिले असते तर मी तुमच्या हातात मेलेल्या तारा देऊन गेलो असतो.

म्हणून टिपणातलं पहिलं काम हे आहे आणि ते मी स्वतः संपवत आणलं आहे. ज्या ज्या खात्यात माझा नंबर होता तिथे विद्यार्थ्याचा किंवा घरच्यांचा नंबर घालायचा. तेवीस खाती होती. वीस झाली, तीन राहिली. त्या तिघांची नावं, कॉलेज आणि नंबर बदलण्यात काय अडचण आहे, हे पहिल्या पानावर आहे. तू सोमवारी सकाळी हे कर. आणि पुढचा नियम असा की ओटीपी नेहमी मुलाच्याच हातात राहील. तो समोर बसलेला नसेल तर अर्ज पुढे न्यायचा नाही. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

मग टिपण नव्याने लिहिलं. आता ते चार पानांचं आहे. पहिल्या पानावर फक्त अडकलेले अर्ज आहेत. प्रत्येक अर्जासमोर चार गोष्टी आहेत. तो आत्ता कोणाकडे आहे: विद्यार्थी, कॉलेज, विभाग की बँक. तिथे कधीपासून आहे. पुढचं पाऊल कोणी उचलायचं. आणि आपण त्या घराला काय शब्द दिला आहे. हा चौथा रकाना मी आधी ठेवला नव्हता. एकदा एका आईला मी म्हणालो होतो, "दिवाळीपर्यंत कॉलेजशी बोलतो." हे कुठेच लिहिलं नव्हतं. ती माझी वाट पाहत होती आणि मी विसरलो होतो. जाणारा माणूस आपले शब्द मागे ठेवून जातो. ते वहीत नसतील तर नव्या माणसाला ते माहीतच नसतात, आणि घरची माणसं मात्र धरून बसलेली असतात.

दर सोमवारी या यादीवरून हात फिरवायचा. अर्जाची स्थिती पंधरा दिवसांत बदलली नसेल तर कॉलेजच्या कार्यालयात फोन करायचा. पंधरा हा आकडा कोणत्या नियमात नाही, अनुभवातून आला आहे. आठवड्यात फोन केला तर तिथले क्लार्क वैतागतात, महिना थांबलं तर मुदत हातातून जाते.

आता दुसरी गोष्ट. अशी एक अडचण आहे जी अडचण म्हणून दिसतच नाही. तिचं उत्तर फक्त माझ्या डोक्यात होतं, म्हणून ते सविस्तर लिहिलं आहे.

एक मुलगी येते आणि म्हणते, "पोर्टलवर पैसे जमा झाले असं दाखवतंय, पण माझ्या पासबुकात नाहीत." पहिल्या वर्षी मी अशा मुलींना घेऊन बँकेत जायचो. बँकवाले सांगायचे, आमच्याकडे काही आलेलं नाही. मग कॉलेजात, मग पुन्हा बँकेत. तीन चकरा व्हायच्या आणि हाती काही लागायचं नाही.

कारण असं आहे. शिष्यवृत्तीचे पैसे आधारच्या आधाराने जातात, तुम्ही पासबुकाची झेरॉक्स कोणती दिली यावर ते ठरत नाही. एका आधार क्रमांकाला सरकारी पैशांसाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते. ही जोडणी एनपीसीआयच्या नोंदीत असते. नंतर दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथे संमती दिली की जुनी जोडणी जाऊन नवी लागते. आपल्या मुलींच्या बाबतीत काय होतं, तर नवीन सिम घेताना किंवा मोबाइलच्या दुकानात काहीतरी करताना दुकानदार अंगठा लावून घेतो आणि एखाद्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून देतो. मुलीला ते खातं उघडलं हे धड माहीतही नसतं. पैसे तिथे जाऊन बसतात. पैसे हरवलेले नसतात, चुकीच्या दाराशी असतात.

हे ओळखायचं कसं? बँकेत जायच्या आधी मुलीला माय-आधारच्या साईटवर तिच्या स्वतःच्या ओटीपीने आत जायला सांग. तिथे Bank Seeding Status असं दिसतं. ते उघडलं की बँकेचं नाव येतं. पासबुकातली बँक आणि तिथली बँक एकच असेल तर शोध वेगळीकडे घ्यायचा. वेगळी असेल तर पैसे त्या दुसऱ्या बँकेत बघायचे. तिथे मिळाले तर काढून घ्यायचे आणि मग हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. आणि तिथे Inactive दिसत असेल तर कोणतीच बँक जोडलेली नाही, पैसे जाणारच नाहीत, आधी जोडणी.

यात एक फरक लक्षात ठेव. बँकेत केवायसीसाठी आधार दिलेलं असणं आणि पैशांसाठी आधार जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर "आधार लिंक आहे" असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा ते पहिल्याबद्दल बोलत असतात. त्यामुळे तोंडी उत्तरावर विसंबायचं नाही, साईटवर बघायचं. आणि हे अर्ज भरायच्या दिवशीच बघायचं, पैसे यायच्या वेळी नाही. आता आपल्या नोंदवहीत तो स्वतंत्र रकाना आहे.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे हे मला सोपं वाटलं होतं. तिथेच मी फसलो.

आपल्या सगळ्या नोंदी गूगल शीटमध्ये आहेत आणि त्या एका फोल्डरमध्ये. मी फोल्डरची मालकी केंद्राच्या ईमेल खात्याकडे दिली आणि काम झालं असं समजलो. नंतर बघितलं तर फोल्डर केंद्राचा, पण आतल्या शीट माझ्याच नावावर. फोल्डरची मालकी बदलली तरी आतल्या फाइलींची बदलत नाही. प्रत्येक फाइलची वेगळी द्यावी लागते आणि समोरच्या खात्यातून ती स्वीकारावीही लागते. माझं खातं उद्या बंद झालं असतं तर फोल्डर उरला असता आणि आत काहीच नसतं. आता प्रत्येक फाइल उघडून मालक कोण ते मी पाहिलं आहे. तूही पाहा. मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस.

केंद्राच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा आहे. फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे दहा कोड गूगल देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून दोन लिफाफ्यांत घातले आहेत. एक तुझ्याकडे, एक आपल्या खजिनदारांकडे. माझ्याकडे ठेवलेला नाही, मुद्दाम. जुने कोड काल रद्द केले, नवे तूच काढलेस, मी खोलीबाहेर उभा होतो.

केंद्राचं एक सिम आहे, साध्या फोनमध्ये. त्यावर गावातले लोक फोन करतात. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही आणि त्यात पैसेही नसले तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. म्हणजे आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात. हंगाम नसताना हा फोन कपाटात पडून राहतो, तेव्हाच हा धोका असतो. रिचार्जची तारीख कॅलेंडरात घातली आहे.

बँकेचं मात्र एका दिवसात होणारं नाही. आपलं केंद्र एका नोंदणीकृत ट्रस्टच्या छायेखाली चालतं आणि मी त्या ट्रस्टचा विश्वस्तही आहे. मी राजीनामा दिला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर होऊन नोंद बदलायला बराच काळ जाऊ शकतो. तोवर कागदोपत्री जुनंच नाव दिसतं आणि बँक सहीच्या बाबतीत अडून बसू शकते. म्हणून माझी सही निघायच्या आधीच तिसरी सही घालून घेतली. तीनपैकी कोणत्याही दोन सह्या चालतील असा ठराव आहे. ठरावाची प्रत फाइलमध्ये आहे. बदल अर्जाची शेवटची तारीख टिपणाच्या तिसऱ्या पानावर लाल शाईने आहे. ही जबाबदारी सचिवांची, तुझी नाही. पण त्यांनी दिला का, हे विचारायचं काम तुझं.

किल्ल्या कोणाला द्यायच्या, हाही प्रश्न असतो. आमच्या व्यवसायातली एक खरी घटना सांगतो. डॉमिनिक टार नावाच्या प्रोग्रामरने event-stream नावाचं एक छोटं मोफत साधन लिहिलं होतं. जगभरातल्या असंख्य प्रोग्रामांमध्ये ते आतून वापरलं जायचं. त्याला स्वतःला त्याची गरज राहिली नव्हती, पैसे तर कधीच मिळाले नव्हते, तो थकला होता. एका अनोळखी माणसाने ईमेल पाठवला, मी सांभाळू का? त्याने किल्ल्या देऊन टाकल्या. सप्टेंबर 2018 मध्ये त्या नव्या माणसाने त्यात आणखी एक तुकडा जोडून घेतला. त्या तुकड्यात पुढे एका बिटकॉइन पाकिटातून चोरी करणारा कोड आला. नोव्हेंबरमध्ये ते उघडकीला आलं, तोवर ते खूप ठिकाणी पोचलं होतं.

मी टारला दोष देत नाही. फुकट काम करणारा, दमलेला माणूस, आणि कोणीतरी म्हणतं मी घेतो. त्याला किती हायसं वाटलं असेल ते मला कळतं. गेल्या वर्षी एका ओळखीच्याने मला हेच म्हटलं, "भाई, यादी मला द्या, मी बघतो सगळं." यादीत मुलांचे आधार क्रमांक होते, आईवडिलांचं उत्पन्न होतं, फोन नंबर होते. तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्याने आपल्याबरोबर एकही अर्ज भरलेला नव्हता. मी यादी दिली नाही. दमलेला असताना सोपवायचं नाही, आणि कामात न दिसलेल्या माणसाला सोपवायचं नाही, हे दोन्ही टिपणात आहे. पुढे तुला उपयोगी पडेल.

त्यानंतर यादीकडेच नीट पाहिलं. आधार क्रमांक आपल्याला कशाला हवेत? अर्ज भरताना मुलगा कार्ड घेऊन समोर असतो. ते क्रमांक आपण केवळ सवयीने जमवत होतो. यातली बरीच मुलं अठरा वर्षांखालची आहेत, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा की मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. मी क्रमांकांचा रकाना काढून टाकला. शीटमध्ये जुन्या आवृत्त्या शिल्लक राहतात, म्हणून नवीन शीट करून फक्त लागणारे रकाने नेले आणि जुनी पुसली, कचरापेटीतूनही. पासवर्डचा एक रकाना होता, तोही गेला. जी माहिती आपल्याकडे नाही ती चोरीला जात नाही आणि ती सोपवावीही लागत नाही.

शेवटची गोष्ट रंगीत तालमीची. टिपण कितीही चांगलं असलं तरी ते पुरेसं आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. त्याला सगळंच माहीत असतं, त्यामुळे गाळलेलं दिसत नाही. म्हणून गेले सहा आठवडे आम्ही असं केलं की शनिवारी केंद्रात ती टेबलावर बसायची आणि मी कोपऱ्यात. नियम एकच, मी बोलायचं नाही. ती अडली तर आधी टिपणात शोधायचं. सापडलं नाही तर मला विचारायचं आणि मी दिलेलं उत्तर त्याच दिवशी टिपणात जायचं.

पहिल्या शनिवारी तिने मला चौदा वेळा विचारलं. सहाव्या शनिवारी दोनदा. त्या चौदांमध्ये काय होतं ऐका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात कोणत्या वारी गर्दी कमी असते. कातकरी वाडीवरच्या मुलाकडे जातीचा दाखला नसेल तर आधी कोणाला भेटायचं. आणि सर्वांत मोठा प्रश्न, "भाई, जुलै-ऑगस्टमध्ये पालक कागद घेऊन येतच नाहीत, काय करू?" याचं उत्तर मला इतकं पाठ होतं की ते लिहायचं सुचलंच नाही. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीआधी कोणी कारखाना सोडून तहसीलला जाणार नाही. एक दिवसाची रोजी जाते आणि मालकाचा माल अडतो. म्हणून आपण उत्पन्नाच्या दाखल्याचं काम एप्रिल-मे मध्ये उरकतो, नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच. आणि राहिलेल्यांसाठी संध्याकाळी कारखान्यातच जाऊन फॉर्मवर सह्या घेतो. बाहेरचा कोणीही पोर्टलची तारीख पाहून जुलैमध्ये सुरुवात करेल आणि चुकेल. ही गोष्ट अकरा पानांत नव्हती. आता ती चार पानांत आहे.

काही गोष्टी टिपणात मावत नाहीत, तेही सांगतो. कॉलेजच्या कार्यालयातल्या ज्या बाई आपले फोन उचलतात, त्या माझ्या नावाने उचलतात. तो विश्वास कागदावर देता येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघं चार कॉलेजांत जाऊन आलो. ओळख करून दिली आणि पुढचं बोलणं तिनेच केलं. एका ठिकाणी माझ्याकडेच बघून उत्तरं देत होते. तिथे मी उठून बाहेर चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा त्यांचं बोलणं संपलं होतं आणि तिच्या वहीत तीन अर्जांचे निकाल होते.

आणि एक गोष्ट मी अर्धवट सोडून चाललो आहे. दहावीनंतर शाळाच सोडणाऱ्या मुलांपर्यंत आपण पोचलो नाही. जे कॉलेजात आहेत त्यांचेच अर्ज आपण भरतो. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही फसले. का फसले ते चौथ्या पानावर लिहिलं आहे. ते तू करायलाच हवं असं नाही. दोन हंगाम बघ, मग ठरव. माझी अपुरी इच्छा म्हणून तुझ्या डोक्यावर ते ओझं नको.

31 तारखेपर्यंत तू मला कधीही फोन कर. त्यानंतर दोन महिने फक्त रविवारी संध्याकाळी. त्यानंतर मी व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडेन. ग्रुपचे तीन ॲडमिन आता आहेत, त्यामुळे काही अडणार नाही. लोक मला थेट फोन करतील, मला माहीत आहे. मी त्यांना केंद्राचा नंबर देईन. मला वाईट वाटेल, पण दोन ठिकाणांहून उत्तरं मिळू लागली की पुन्हा तेच होईल. खबर एकीकडे, अर्ज दुसरीकडे.

तो डिप्लोमावाला मुलगा पास झाला, आता तळोज्याला कामाला आहे. या हंगामात तो शनिवारी येतो म्हणालाय. त्याला पहिल्याच दिवशी परत आलेल्या अर्जांच्या यादीवर बसव. ती यादी त्याच्याइतकी काळजीने दुसरं कोणी बघणार नाही.

हा केंद्राचा फोन. चार्ज केलेला आहे. घे.